शर्करा-नियंत्रण रसाची एक बाटली: लेबल तपासणीचे एक प्रकरण

पुण्यातील एका ग्राहक गटाकडे आम्ही काही जण खाद्यपदार्थांची आणि पूरक आहाराची लेबले तपासून देतो. तेथे आलेल्या एका बाटलीचे हे प्रकरण आहे. उत्पादनाचे व कंपनीचे नाव येथे दिलेले नाही आणि कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाटली एक लिटरची होती. समोरच्या बाजूला कारले, जांभूळ आणि गुडमारच्या पानांची चित्रे होती. ‘मधुमेही व्यक्तींसाठी हर्बल आरोग्यपेय’ असे ठळक शीर्षक होते आणि त्याखाली ‘११ वनौषधी’, ‘कारले रस ४०%’, ‘शुगर फ्री’, ‘वैद्यकीय चाचण्यांनी सिद्ध’, ‘दुष्परिणाम नाहीत’, ‘एफएसएसएआय मान्यताप्राप्त’ आणि ‘आयुष प्रमाणित’ अशी सात वाक्ये छापलेली होती. मागे घटकांची यादी, पोषणमूल्यांचा तक्ता, ‘२० मिलि सकाळ-संध्याकाळ पाण्यातून’ अशी मात्रा, आणि ‘नियमित सेवनाने गोळ्यांची गरज हळूहळू कमी होते’ हे वाक्य होते.

हा रस घेणारे गृहस्थ ६१ वर्षांचे, निवृत्त, आणि काही वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड या दोन गोळ्या घेणारे. रस सुरू केल्यानंतर काही आठवड्यांनी त्यांना दुपारच्या जेवणाआधी हातापायांना कंप आणि घाम येऊ लागला. एकदा घरच्या यंत्रावर साखर ६४ मिग्रॅ प्रति डेसीलिटर आली. ७० च्या खालचा आकडा कमी समजला जातो, हे त्यांच्या मुलीला माहीत होते. त्याच सुमारास त्यांनी मेटफॉर्मिनची रात्रीची गोळी मनानेच बंद केल्याचेही तिच्या लक्षात आले. बाटली आमच्यासमोर ठेवताना ती म्हणाली, “अण्णांचं म्हणणं असं की हे काही औषध नाही, नुसता रस आहे, म्हणून डॉक्टरांना सांगायची गरज नाही. घेताना मात्र ते औषध म्हणूनच घेतात.” प्रकरणाचा मूळ पेच या वाक्यात होता, आणि लेबल तपासण्याची सुरुवातही तेथूनच करावी लागते. ही वस्तू कायद्याने अन्न आहे की औषध, हे ठरल्याशिवाय तिच्यावर काय छापता येते आणि काय छापावेच लागते, हे सांगता येत नाही.

वस्तू कोणत्या कायद्याखाली येते

भारतात वनस्पतीजन्य पेय मुख्यतः दोन मार्गांनी बाजारात येते. पहिला मार्ग अन्नाचा आहे. त्याला अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आणि त्याखालील नियम लागू होतात, ज्यांत पूरक आहार व न्यूट्रास्युटिकल्ससाठीचे आणि ‘आयुर्वेद आहार’ या नव्या वर्गासाठीचे २०२२ चे नियमही आले. दुसरा मार्ग आयुर्वेदिक औषधाचा आहे. त्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० लागू होतो आणि उत्पादनाचा परवाना राज्य सरकारचा परवाना अधिकारी देतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालता येत नाहीत, कारण २००६ च्या कायद्याच्या कलम २२ मध्ये पूरक आहाराची व्याख्या करतानाच आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधे त्यातून वगळलेली आहेत. ज्या बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, क्रमांक आणि ‘आयुर्वेदिक प्रोप्रायटरी औषध’ हे शब्द दोन्ही असतात, तिने दोन्ही घरांतील सोयी घेतल्या असून जबाबदारी एकाही घराची उचललेली नाही, असा संशय घेण्यास जागा असते. आमच्यासमोरच्या बाटलीवर हे दोन्ही होते. औषधाचे शब्द मात्र कडेच्या घडीत, बॅच क्रमांकाशेजारी बारीक अक्षरांत लपले होते.

एफएसएसएआयचा क्रमांक १४ अंकी असतो आणि तो वाचता येतो. पहिला अंक १ असेल तर तो परवाना असतो आणि २ असेल तर केवळ नोंदणी, जी छोट्या व्यावसायिकांसाठी असते. पुढचे दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे १५ आहेत, आणि केंद्रीय परवान्यात त्या जागी ०० दिसते. या बाटलीवरचा क्रमांक २१५ ने सुरू होत होता, म्हणजे तो महाराष्ट्रात केलेली एक साधी नोंदणी होती. foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर परवाना क्रमांक टाकून शोध घेतला, तेव्हा नोंदणी चालू स्थितीत असल्याचे दिसले. मात्र ती किरकोळ विक्रीसाठी होती आणि एका छोट्या व्यापाऱ्याच्या नावे होती. लेबलवर ‘निर्मिती’ म्हणून परराज्यातील एका कारखान्याचा पत्ता होता, पण त्या कारखान्याचा क्रमांक कोठेही नव्हता. विकणारा आणि बनवणारा वेगळे असतील तर दोघांचेही क्रमांक लेबलवर हवेत. बनवणाऱ्याचा क्रमांकच नसेल, तर बाटलीत काय भरले आणि कोणत्या जागेत भरले याचा माग विक्रेत्याच्या दुकानापाशी थांबतो.

‘मान्यताप्राप्त’ हा शब्द वाचणाऱ्याला सर्वांत जास्त फसवतो. एफएसएसएआयचा परवाना व्यवसायाला आणि जागेला मिळतो. त्याचा अर्थ हा व्यावसायिक अन्न बनवू किंवा विकू शकतो, एवढाच असतो. हे पेय साखर कमी करते असे कोणीही तपासलेले नसते, आणि लेबलवरचे बोधचिन्ह हा गुणवत्तेचा शिक्का नसतो, तो क्रमांकासोबत छापावाच लागतो. ‘आयुष प्रमाणित’ या शब्दांची गोष्टही तशीच आहे. आयुष मंत्रालय स्वतः कोणत्याही कंपनीला उत्पादनाचा परवाना देत नाही आणि एखाद्या औषधाला प्रमाणपत्रही देत नाही. ‘आयुष स्टँडर्ड’ आणि ‘आयुष प्रीमियम’ अशी ऐच्छिक गुणवत्ता चिन्हे आहेत खरी, पण ती ज्याने घेतली त्याच्या लेबलवर ते चिन्ह दिसते. येथे नुसती एक हिरवी पान-आकृती होती.

कंपनीला ईमेलने विचारले असता तिने आयुर्वेदिक औषध निर्मितीच्या एका परवान्याची प्रत पाठवली. येथे आणखी एक बारकावा उपयोगी पडला. असा परवाना हातात असला म्हणून कारखान्याला वाटेल ते उत्पादन करता येत नाही. कोणकोणत्या उत्पादनांना मंजुरी आहे याची यादी परवान्यासोबत असते. पाठवलेल्या यादीत मिळत्याजुळत्या नावाचे एक चूर्ण होते, रस नव्हता, आणि कारखान्याचा पत्ताही बाटलीवरच्या पत्त्याशी जुळत नव्हता. प्रत खरी असू शकते, आणि तरीही ती या बाटलीची नसू शकते. बहुतेक ग्राहक परवान्याची प्रत पाहिली की समाधान मानतात. यादीतील नाव आणि पत्ता जुळवून पाहण्यास दोन मिनिटे लागतात, आणि खरी माहिती तेथेच हाती येते.

दाव्यांची छाननी

वस्तू अन्न मानली तर २०१८ चे जाहिरात व दावे यासंबंधीचे नियम लागू होतात, आणि त्यांनुसार एखादे अन्न रोग टाळते, शमवते किंवा बरा करते असे सुचवणारा दावा करता येत नाही. आजाराचा धोका कमी करण्याचे काही मोजके दावे नियमांतच दिलेले आहेत, आणि त्यांपलीकडचा दावा करायचा तर आधी मंजुरी घ्यावी लागते. या चौकटीत ‘गोळ्यांची गरज हळूहळू कमी होते’ हे वाक्य बसतच नाही. शिवाय पूरक आहाराच्या लेबलवर तो औषधी उपयोगासाठी नसल्याची ठळक सूचना लागते, ती येथे नव्हती.

मग वस्तू औषध मानली तर सुटका होते का? तेथे तर बंधन अधिक जुने आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या अनुसूचीत ५४ आजार व अवस्था आहेत, आणि त्यांवरच्या उपचाराची जाहिरात करण्यास मनाई आहे. मधुमेह त्या यादीत आहे. या कायद्यात ‘जाहिरात’ शब्दाची व्याख्या लेबल आणि वेष्टन यांनाही सामावून घेते, त्यामुळे “आम्ही जाहिरात केलीच नाही, फक्त बाटलीवर लिहिले” हा बचाव चालत नाही. थोडक्यात, अन्न म्हणा किंवा औषध म्हणा, समोरची भाषा दोन्हीकडे अडकते. ‘आरोग्यपेय’ या शब्दालाही कायद्यात स्वतंत्र स्थान नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्यास सांगितले, त्याचे कारण कायद्यात अशा पेयाची व्याख्याच नाही, हे होते. चर्चा मोठ्या माल्ट-पेयांची झाली आणि छोटे हर्बल रस त्या गदारोळातून अलगद निसटले, असे माझे निरीक्षण आहे.

‘वैद्यकीय चाचण्यांनी सिद्ध’ या दाव्याचा पुरावा मागितला, तेव्हा कंपनीने गुडमारच्या अर्कावर उंदरांत झालेल्या एका अभ्यासाची प्रत पाठवली. अशा कागदाला आम्ही चारच गोष्टी विचारतो. अभ्यास याच मिश्रणाचा आहे की त्यातल्या एका वनस्पतीचा? माणसांवर झाला आहे का? दिलेली मात्रा लेबलवरच्या मात्रेशी जुळते का? आणि तुलनेसाठी वेगळा गट होता का? येथे पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी होती. कारल्याबद्दल तर माणसांवरच्या चाचण्या उपलब्ध आहेत. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१२ च्या कॉक्रन आढाव्यात टाइप २ मधुमेहाच्या ४ चाचण्या व एकूण ४७९ सहभागी विचारात घेतले गेले, आणि कारल्याचा उपयोग होतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. याचा अर्थ कारल्याचा काहीच परिणाम होत नाही असा नव्हे. ‘सिद्ध’ हा शब्द छापण्याइतके काही हाती नाही, एवढाच तो आहे.

‘दुष्परिणाम नाहीत’ हे वाक्य मला या सात वाक्यांतले सर्वांत बेजबाबदार वाटते. साखर खरोखर कमी करणारा पदार्थ ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर घेतला तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते, आणि साखर कमीच करत नसेल तर समोरचा दावा खोटा ठरतो. उत्पादकाला या दोहोंपैकी एक तरी मान्य करावेच लागेल. अकरा वनौषधींत ‘गिलोय’, म्हणजे गुळवेल, हेही नाव होते. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीचे सेवन केलेल्या ६ रुग्णांमध्ये यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष स्वीकारला नाही. रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली याची खात्री केलेली नाही आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असू शकते, असा मंत्रालयाचा आक्षेप होता. वाद कोणत्याही बाजूने सुटो, लेबल वाचणाऱ्याला त्यातून एक उपयुक्त गोष्ट मिळते. वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग हे दोन्ही दिलेले नसतील, तर नंतर काही बिघडल्यास नेमके काय पोटात गेले हे शोधणे जवळजवळ अशक्य होते. या बाटलीवर अकरांपैकी एकाही वनस्पतीचे शास्त्रीय नाव नव्हते.

मात्रांचा हिशेब

लेबल तपासताना सर्वाधिक वेळ येथे द्यावा, असे माझे मत आहे, कारण दाव्यांची भाषा वकिलाच्या सल्ल्याने मवाळ करता येते, पण आकड्यांना आपसांत जुळावे लागते. बाटलीच्या मागे ‘प्रत्येक १० मिलि मध्ये’ या मथळ्याखाली चार ओळी होत्या: कारले ५०० मिग्रॅ, जांभूळ बी ३०० मिग्रॅ, गुडमार १०० मिग्रॅ आणि मेथी १०० मिग्रॅ. त्यानंतर आवळा, गिलोय, कडुनिंब, हळद, विजयसार, चिरायता आणि बेलपत्र ही सात नावे एका ओळीत, आणि पुढे ‘क्यू.एस.’ ही दोन अक्षरे. ‘क्यू.एस.’ म्हणजे ‘आवश्यक तेवढे’. पातळपणासाठी घातलेले पाणी किंवा तत्सम आधारद्रव्य यासाठी हा संकेत वापरात आहे. ज्या सात वनस्पतींच्या जोरावर समोर ‘११ वनौषधी’ लिहिले, त्यांच्यासाठी तो वापरणे म्हणजे प्रत्येकी चिमूटभर घातली तरी चालेल अशी मुभा स्वतःला देणे होय. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलसाठी १९४५ च्या नियमावलीतील नियम १६१ नुसार सर्व घटक त्यांच्या प्रमाणासह द्यावे लागतात, आणि जागा अपुरी पडल्यास वेगळे पत्रक घालून लेबलवर त्याचा उल्लेख करावा लागतो. बाटलीच्या खोक्यात पत्रक नव्हते. अन्नाच्या बाजूनेही ज्या घटकाच्या परिणामासाठी पूरक आहार विकला जातो, त्याचे प्रमाण सांगणे अपेक्षितच आहे.

आता कारल्याचा आकडा पाहू. समोर ‘कारले रस ४०%’ आहे, म्हणजे १० मिलिमध्ये ४ मिलि रस असायला हवा. मागे मात्र कारले ५०० मिग्रॅ, म्हणजे अर्धा ग्रॅम लिहिले आहे. हे ५०० मिग्रॅ ताज्या रसाचे वजन असेल, तर समोरचा आकडा सुमारे आठपट फुगवलेला आहे. ते वाळलेल्या कारल्याचे वजन असेल, तर तेही नीट जुळत नाही. कारल्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि ४ मिलि रसातून निघणारा कोरडा भाग पाव ग्रॅमच्या आसपासच राहतो. दोन्ही अर्थ लावून पाहिले तरी समोरची आणि मागची बाजू एकमेकींना ओळखत नाहीत. दिवसाची मात्रा ४० मिलि आहे, म्हणून समोरच्या आकड्यानुसार पोटात रोज १६ मिलि कारले रस जातो आणि मागच्या आकड्यानुसार फक्त २ ग्रॅम कारले, म्हणजे भाजीतल्या एखाद-दुसऱ्या चकतीइतके. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात ताज्या कारल्याच्या रसाची मात्रा १० ते १५ मिलि आहे. म्हणजे एकाच बाटलीचा एक आकडा औषधाच्या मात्रेपर्यंत पोहोचतो आणि दुसरा ताटातल्या भाजीइतकाही भरत नाही.

गुडमारचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तेथे आकडे एकमेकांशी भांडत नाहीत, ते फक्त अपुरे आहेत. १० मिलिमध्ये १०० मिग्रॅ, म्हणजे दिवसाच्या ४० मिलिमध्ये ४०० मिग्रॅ. औषधकोशात गुडमारच्या पानांच्या चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे. हे ४०० मिग्रॅ चूर्ण असेल, तर ते किमान मात्रेच्या सातव्या भागाहूनही थोडे कमी भरते, आणि त्यातून परिणामाची अपेक्षा धरण्यास विशेष आधार नाही. पण हेच ४०० मिग्रॅ १० ला १ या प्रमाणात काढलेल्या अर्काचे असतील, म्हणजे १० किलो पानांपासून १ किलो अर्क काढलेला असेल, तर ते ४ ग्रॅम पानांच्या बरोबरीचे होतात, म्हणजे पूर्ण औषधी मात्रेचे. छापलेला आकडा तोच, आणि त्याचे दोन अर्थ एकमेकांपासून दहापट दूर. चूर्ण, काढा, स्वरस की अर्क, अर्क असेल तर किती पानांपासून किती, आणि शक्य असेल तर त्यातील ओळखद्रव्याचे प्रमाण किती टक्के, जसे गुडमारच्या बाबतीत जिम्नेमिक आम्लांचे, हे सांगितल्याशिवाय मिलिग्रॅमचा आकडा वाचणाऱ्याला काहीच कळवत नाही. पूरक आहाराच्या नियमांतील वनस्पतींच्या अनुसूचीतही दैनंदिन मर्यादा सामान्यतः कच्च्या वनस्पतीच्या वजनात दिलेली असते, म्हणून अर्क वापरणाऱ्याने मूळ वजनाशी त्याचे नाते सांगितले नाही, तर ती मर्यादा पाळली की ओलांडली हे बाहेरून तपासताच येत नाही.

या गृहस्थांच्या बाबतीत हा फरक कागदावरचा नव्हता. पहिला अर्थ खरा असेल तर रस जवळजवळ निरुपद्रवी होता, आणि खरा धोका गोळी बंद करण्यात होता. दुसरा अर्थ खरा असेल तर ग्लिमेपिराइडच्या जोडीला साखर कमी करणारा आणखी एक पदार्थ, डॉक्टरांच्या नकळत, रोज दोनदा जात होता. लेबल वाचून यांपैकी काय घडत होते हे ठरवता आले नाही.

घटकांच्या यादीकडे एकदा क्रमाने पाहणे आवश्यक होते, कारण ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. येथे पाणी पहिले, कारले रस दुसरा आणि ‘सफरचंद रस सांद्र’ तिसरा होता, म्हणजे जांभूळ बी, गुडमार आणि मेथी यांपैकी कशाहीपेक्षा सफरचंदाचा आटवलेला रस जास्त होता. तो कडवटपणा झाकण्यासाठी घालतात. पोषणमूल्यांच्या तक्त्यात १०० मिलिमागे साखर ३.२ ग्रॅम होती. ‘शुगर फ्री’ म्हणण्यासाठी ती १०० मिलिमागे ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. ‘कमी साखर’ म्हणायचे तरी द्रवासाठी मर्यादा २.५ ग्रॅमची आहे. दावा दोन्ही पातळ्यांवर चुकीचा होता, पण येथे तारतम्य हवे. दिवसाच्या ४० मिलिमधून जाणारी साखर सव्वा ग्रॅमच्या आसपास भरते, आणि तिने या गृहस्थांचे काही बिघडले असेल असे वाटत नाही. ज्याने स्वतःच्याच तक्त्यातील आकडा न पाहता समोर ‘शुगर फ्री’ छापले, त्याने बाकीचे आकडे किती काळजीने लिहिले असतील, एवढाच त्या चुकीतून बोध होतो. परिरक्षक म्हणून दिलेला ‘आयएनएस २११’, म्हणजे सोडियम बेंझोएट, पाहून मुलगी घाबरली होती. तो मर्यादेत वापरण्यास परवानगी असलेला पदार्थ आहे आणि नियमानुसार जाहीरही केलेला होता, म्हणून आम्ही त्यावर शेरा मारला नाही.

लेबल जे सांगू शकत नाही

एक मर्यादा मुलीला आम्ही स्पष्टपणे सांगितली. छापलेले सर्व काही नियमानुसार असते, तरी त्यावरून बाटलीत न छापलेले काय आहे हे कळले नसते. साखर कमी करण्याच्या हर्बल उत्पादनांत आधुनिक गोळ्यांतील द्रव्ये गुपचूप मिसळल्याची उदाहरणे जगभर सापडलेली आहेत, आणि ‘रस सुरू केल्यापासून साखर झपाट्याने उतरली’ अशी कथा ऐकली की तज्ज्ञांना आधी तीच शंका येते. ती प्रयोगशाळेतच तपासता येते. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार खरेदीदार स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो आणि नमुना दोषी आढळल्यास शुल्क परत मिळते. पण त्यात एक अट आहे. तपासणी करून घेण्याचा आपला हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. अर्धी संपलेली घरची बाटली त्यासाठी चालत नाही, आणि ऑनलाइन मागवलेल्या मालाच्या बाबतीत ही अट पाळणे व्यवहारात कठीण जाते. म्हणून तक्रार करून अन्न सुरक्षा अधिकाऱ्यालाच नमुना घ्यायला लावणे हा अधिक खात्रीचा मार्ग आम्ही सुचवला.

पुढे काय झाले

पहिले काम लेबलचे नव्हते. मुलीने बाटली आणि आमच्या हिशेबाचा कागद दोन्ही वडिलांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रस थांबवला, मेटफॉर्मिन पूर्ववत सुरू केले आणि ग्लिमेपिराइडची मात्रा तात्पुरती कमी करून रोजच्या नोंदी ठेवण्यास सांगितले. कंप आणि घाम थांबला. तरीही दोष रसाचाच होता असे आम्ही अहवालात लिहिले नाही, कारण त्याच काळात त्यांनी सकाळची न्याहारीही निम्मी केली होती आणि गोळीची मात्राही बदलली गेली. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या की कारण कोणते हे नंतर वेगळे करता येत नाही. अण्णांना आमचे कायद्याचे मुद्दे फारसे पटले नाहीत. कारल्याच्या दोन आकड्यांचा हिशेब मात्र त्यांनी स्वतः पेन्सिलने पुन्हा केला आणि त्यानंतर दुसरी बाटली मागवली नाही.

तक्रार दोन ठिकाणी केली. अन्न व औषध प्रशासनाकडच्या तक्रारीत भाषा जाणीवपूर्वक कोरडी ठेवली. ‘फसवणूक’, ‘जिवाशी खेळ’ असे शब्द वापरले नाहीत. क्रमांक २१५ ने सुरू होणारी किरकोळ विक्रीची नोंदणी, कारखान्याचा क्रमांक नसणे, एकाच लेबलवर अन्नाचा क्रमांक व औषधाचे शब्द असणे, मधुमेहाचा दावा, ४०% आणि ५०० मिग्रॅ यांतील विसंगती, आणि साखरेचा ३.२ चा आकडा, एवढे सहा मुद्दे लेबलच्या चारही बाजूंच्या स्पष्ट छायाचित्रांसह आणि खरेदीच्या बिलासह दिले. बॅच क्रमांक ठळकपणे लिहिला, कारण अधिकाऱ्याला नमुना त्याच बॅचचा शोधायचा असतो. दुसरी तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, विक्री करणाऱ्या संकेतस्थळाविरुद्ध नोंदवली, कारण तेथील वर्णनात लेबलवर नसलेली ‘मधुमेहावर रामबाण’ अशी भर होती. संकेतस्थळाने ते वर्णन लवकर काढले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्न सुरक्षा कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण या प्रकरणात प्रशासनाकडून अद्याप अंतिम आदेश आलेला नाही.

दरम्यान कंपनीने लेबल बदलले. नव्या बॅचवर ‘मधुमेही व्यक्तींसाठी’ च्या जागी ‘दैनंदिन साखर संतुलनासाठी’ असे शब्द आले. ‘वैद्यकीय चाचण्यांनी सिद्ध’, ‘शुगर फ्री’ आणि गोळ्यांविषयीचे वाक्य गेले. कडेच्या घडीतील ‘आयुर्वेदिक प्रोप्रायटरी औषध’ पुसले गेले, आणि कारखान्याचा १०० ने सुरू होणारा केंद्रीय परवाना क्रमांक आला, जो संकेतस्थळावर तपासला असता खरा व चालू निघाला. ‘औषधी उपयोगासाठी नाही’ ही सूचनाही आली. वस्तूने आपले घर निवडले, हा बदल मी मोठा मानतो. ‘साखर संतुलन’ या नव्या शब्दांतून वाचणाऱ्याला काय समजणार हे मात्र कंपनीलाही ठाऊक आहे. समोरचा ४०% चा आकडा निघून गेला आहे, सात वनस्पतींपुढचे ‘क्यू.एस.’ कायम आहे, आणि गुडमार १०० मिग्रॅ हे चूर्ण आहे की अर्क, याचे उत्तर नव्या लेबलवरही छापलेले नाही आणि त्यासाठी पाठवलेल्या दुसऱ्या ईमेललाही कंपनीने उत्तर दिलेले नाही.